डोव्हटेलची रुंदी दोन रोलर ठेवून कशी मोजायची, नवीन पोरांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत मिलिंगवर २० वर्षं काढली की एक गोष्ट दरवर्षी बघायला मिळते. आयटीआय करून खानापूर नाहीतर निपाणीकडून नवीन पोरगा येतो, हुशार असतो, व्हर्नियर मस्त वाचतो, आणि पहिल्याच आठवड्यात डोव्हटेलच्या स्लाइडवर व्हर्नियरचे जबडे लावून उभा राहतो. आमच्याकडं गेल्या पावसाळ्यात आलेल्या पोरानंही तेच केलं. मी विचारलं, "काय मोजालास रे?" तर म्हणाला, "मामा, वरची रुंदी ६० पाहिजे, ५९.४ येतंय, जॉब गेला की काय?" जॉब गेला नव्हता. त्या स्लाइडच्या वरच्या कडेला चॅम्फर मारलेला होता आणि त्याचे जबडे चॅम्फरवर बसत होते.

डोव्हटेलची भानगडच ही आहे. ड्रॉईंगवर जे ६० लिहिलंय ते ज्या टोकापासून ज्या टोकापर्यंत आहे ती टोकं जॉबवर नसतातच. वरची कड धारदार ठेवत नाहीत, हात कापतो आणि कड तुटते, म्हणून चॅम्फर मारतात. खालच्या कोपऱ्यात कटरच्या टोकाची गोलाई राहते नाहीतर मुद्दाम रिलीफची खाच मारलेली असते. म्हणजे वरचं टोक पण कागदावर, खालचं टोक पण कागदावर. जॉबवर खरं काय आहे तर दोन तिरके फ्लँक आणि त्यांच्या खाली सपाट तळ. मग मोजायचं असेल तर ह्या खऱ्या पृष्ठांना टेकणारं काहीतरी पाहिजे, ते म्हणजे रोलर. दोन्ही बाजूच्या कोपऱ्यात एकएक सारख्या व्यासाचा रोलर ठेवायचा, तो तळाला आणि फ्लँकला टेकतो, कोपऱ्यात पोचतच नाही, त्यामुळं कोपऱ्यात गोलाई असो की खाच असो फरक पडत नाही. मग दोन्ही रोलरच्या बाहेरून मायक्रोमीटर लावायचा आणि आलेल्या मापातून हिशोबानं रुंदी काढायची.

इथं मी फक्त बाहेरचं, म्हणजे मेल डोव्हटेल आणि ६० अंशाचा कोन धरून सांगतो, तेच जास्त येतं. आतल्या डोव्हटेलचं शेवटी थोडक्यात.

आधी सूत्र कुठून येतं ते बघू. पाठ करू नका, एकदा कागदावर काढा म्हणजे विसरणार नाही. मेल डोव्हटेल वर रुंद आणि खाली अरुंद असतं. खालच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर A धरा. उजव्या कोपऱ्यात रोलर ठेवलाय. तळ आडवा आहे, फ्लँक त्याच्यावर ६० अंशात रोलरच्या डोक्यावर झुकलेला आहे. रोलर दोघांनाही टेकतो म्हणजे त्याचं सेंटर दोघांपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे कोपऱ्यातून सेंटरकडं जाणारी रेघ कोनाचे बरोबर दोन भाग करते, ३० आणि ३०. सेंटर तळापासून अर्धा व्यास उंचीवर आहे, तर कोपऱ्यापासून सेंटर आडवं किती लांब? अर्धा व्यास भागिले टॅन ३०. त्याच्यापुढं रोलरची बाहेरची बाजू अजून अर्धा व्यास. दोन रोलर आहेत म्हणून सगळं दुप्पट, म्हणजे अर्ध्याचा पूर्ण व्यास होतो:

```
M = A + d × (1 + 1/tan(α/2))
```

M म्हणजे रोलरवरून आलेलं माप, d रोलरचा व्यास, α डोव्हटेलचा कोन. ६० अंशाला कंसातला आकडा २.७३२०५ येतो. ५५ अंशाचं डोव्हटेल असेल तर २.९२०९८ आणि ४५ ला ३.४१४२१. हे तीन आकडे मी टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलेत.

ड्रॉईंगवर बहुतेक वेळा खालची A नाही तर वरची रुंदी B आणि उंची h देतात. मग आधी A काढायची:

```
A = B − 2 × h / tan(α)
```

६० अंशाला हे म्हणजे B वजा १.१५४७ गुणिले h. इथं पूर्ण कोनाचा टॅन आहे आणि वरच्या सूत्रात अर्ध्या कोनाचा, हीच जागा गोंधळाची. पोरं रोलरच्या सूत्रात पण टॅन ६० टाकतात, मग २.७३२ च्या जागी १.५७७ येतं. दुसरी चूक मोबाईलच्या कॅल्क्युलेटरची. तो RAD वर असला तर टॅन ३० चं उत्तर उणे ६.४ असं काहीतरी येतं. म्हणून हिशोब करायच्या आधी टॅन ३० दाबून बघा, ०.५७७३५ आलं तरच पुढं जा. आणि काही ड्रॉईंगवर कोन उभ्या रेषेपासून ३० असा दाखवलेला असतो, तळापासूनचा ६० नाही. कोन कुठून कुठपर्यंत आहे ते बाण बघून ठरवा, आकडा बघून नाही.

आता रोलर कुठला घ्यायचा. ह्याचा विचार कोण करत नाही, डब्यात हाताला लागेल तो घेतात. रोलर फ्लँकला ज्या उंचीवर टेकतो ती ६० अंशाच्या डोव्हटेलला व्यासाच्या पाऊणपट असते. म्हणजे ८ चा रोलर तळापासून ६ मिलीवर टेकतो, १० चा साडेसातवर. डोव्हटेलची उंची १० असेल तर ८ चा रोलर एकदम बरोबर. १२ चा घेतला तर तो ९ वर टेकायला बघेल आणि वर १ मिलीचा चॅम्फर असेल तर तो चॅम्फरच्या काठावर बसेल, माप येईल पण ते कशाचं ते देवाला माहीत. उलट फार बारीक रोलर घेतला तर वेगळीच अडचण. वरची कड फ्लँकच्या पायथ्यापेक्षा बाहेर आलेली असते, १० उंचीला एका बाजूला ५.७७ मिली. रोलरची बाहेरची बाजू त्याच्याही बाहेर पाहिजे, नाहीतर मायक्रोमीटर रोलरला न लागता जॉबच्या कडेलाच लागणार. ४ चा रोलर कोपऱ्यापासून ५.४६ पर्यंतच येतो, म्हणजे वरच्या कडेच्या आतच राहिला, गेला कामातून. ६ चा ८.२ पर्यंत येतो, तो चालतो. शिवाय रोलरच्या बाहेर जॉबचा खांदा लांब गेला असेल तर मायक्रोमीटरची फ्रेम खांद्याला अडते, तेव्हा मोठा रोलर घेतला की सेंटर वर उचललं जातं आणि जागा मिळते.

रोलर म्हणजे नेमकं काय वापरायचं, तर सगळ्यात चांगलं म्हणजे मापाचे सिलिंडर, ते नसतील तर चांगल्या बेअरिंगमधले रोलर, एकाच बेअरिंगमधले दोन. डॉवेल पिन वापरायची असेल तर वापरा पण आधी माझी गोष्ट ऐका.

मी नवीन असताना जिथं कामाला होतो तिथं (नाव नको) रोलर नव्हते, स्टोअरमधनं दोन ८ च्या डॉवेल पिना आणल्या, नव्या कोऱ्या, चकाचक. ८ म्हणून हिशोबात ८.००० टाकलं आणि सहा स्लाइड बरोब्बर मापात करून दिल्या. पार्टीकडून सहाच्या सहा परत आल्या, ढिल्या बसतात म्हणून. नंतर पिना मायक्रोमीटरनं मोजल्या तर ८.०११. डॉवेल पिन होलमध्ये टाईट बसावी म्हणून मुद्दाम थोडी जाड असते, ८ ची m6 टॉलरन्सची पिन म्हटलं की ती ८.००६ ते ८.०१५ मध्ये असणारच. चूक पिनेची नव्हती, माझी होती. आणि ०.०११ ची चूक मापात ०.०११ राहत नाही, २.७३२ पट होते, म्हणजे ०.०३०. मायक्रोमीटरवर माप जुळलं पण जॉब ३० मायक्रॉन बारीक झाला. त्या महिन्याच्या पगारातनं काय कापलं नाही पण सुपरवायझर दिवाळीपर्यंत मला "पिनवाले" म्हणत होते.

म्हणून पहिली पायरी रोलर मोजणे. दोन्ही रोलर, प्रत्येकी दोन टोकं आणि मधे, फिरवून. दोन्हीत २ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नको, आणि जो व्यास आला तोच हिशोबात टाकायचा, डब्यावर लिहिलेला नाही. बेळगावच्या पावसात उघडे ठेवलेले रोलर आठ दिवसात गंज धरतात, आणि गंजाचा ठिपका म्हणजे काय मायक्रॉन जातात ते वेगळं सांगायला नको. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. माझे मी लोणच्याच्या छोट्या बरणीत तेलात बुडवून ठेवतो, हसतात लोक, हसू देत.

आता एक जॉब पूर्ण करून दाखवतो. ड्रिलिंग फिक्श्चरची बिडाची स्लाइड, वर सांगितलेल्या पोरालाच दिली होती. ड्रॉईंगवर वरची रुंदी B ६०, त्याला टॉलरन्स उणे ०.०२ ते उणे ०.०५, उंची १०, कोन ६० अंश. म्हणजे रुंदी ५९.९८ ते ५९.९५ मध्ये पाहिजे.

पोरगा लगेच १० धरून A काढायला लागला. मी म्हटलं थांब, उंची खरी किती आहे ते बघ आधी. डेप्थ मायक्रोमीटर लावला तर १०.०३. उंचीला मोकळी टॉलरन्स होती, त्यामुळं १०.०३ चालत होतं, पण हिशोबात १०.०३ च टाकायला पाहिजे, कारण उंचीतला ०.०३ चा फरक A मध्ये ०.०३५ होऊन येतो आणि आपली सगळी टॉलरन्सच ०.०३ ची. १० टाकून चाललो असतो तर बरोबर जॉबला चूक आणि चूक जॉबला बरोबर म्हटलं असतं. आता इथं एक शहाणपण पण पाहिजे, की B खरंच वरच्या फेसवर धरायची आहे का. काही ड्रॉईंगमध्ये रुंदी खालच्या कोपऱ्यावर दिलेली असते, मग h चा संबंधच येत नाही आणि काम सोपं होतं. वरचा फेस नंतर ग्राइंडिंगला जाणार असेल तर h अजून बदलणार, तेव्हा आधीच विचारून घ्या.

रोलर ८ चे, मोजून आले ८.००२. हिशोब असा:

```
A = 60 − 1.1547 × 10.03 = 48.418
M = 48.418 + 8.002 × 2.73205 = 70.280
```

हे बरोब्बर ६० साठीचं. टॉलरन्स उणे ०.०२ ते उणे ०.०५, म्हणजे M ७०.२६० ते ७०.२३० मध्ये पाहिजे. रुंदीत जेवढा फरक तेवढाच M मध्ये, इथं पट वगैरे काही नाही, ही एक बरी गोष्ट आहे. मी मधला आकडा ७०.२४५ टार्गेट धरतो. आणि नुसत्या नजरेनं पण तपासा की वरची रुंदी ६० आहे तर रोलरवरून ७० च्या आसपास पटतंय का. कोणी टॅनचा घोळ करून ६१ काढलं असतं तर इथंच कळलं असतं, कारण वरच्या कडेच्या इतके बाहेर आलेले रोलर ६१ मध्ये मावणारच नाहीत.

मायक्रोमीटर ५० ते ७५ चा लागला. आधी ५० च्या सेटिंग रॉडवर झिरो बघितला. जॉब व्हाइसमधनं काढला नाही, फक्त मशीन बंद करून ब्रशनं बारीक चुरी काढली, मग फडक्यानं पुसलं. बिडाची चुरी म्हणजे पीठ असतं, काळं, आणि ते नेमकं कोपऱ्यात बसतं. रोलरखाली कचरा आला तर रोलर उचलला जातो आणि फ्लँक वर जाताना बाहेर झुकलेला असल्यामुळं रोलर बाहेर सरकतो, माप मोठं दिसतं. ३० मायक्रॉनचा कण एका बाजूला १७ मायक्रॉन खातो. माप मोठं दिसलं की माणूस अजून कापतो आणि मग जॉब बारीक. म्हणून रोलर ठेवल्यावर बोटानं हलकं दाबून फिरवून बघा, गुळगुळीत फिरला पाहिजे. करकर लागली तर काढा, परत पुसा. कडेला धातूची बर राहिलेली असेल तर तेलाचा दगड मारा.

रोलर पडू नये म्हणून थोडंसं पातळ तेल पुरतं. काहीजण दोन्ही रोलरवरून रबर लावतात, ते मला आवडत नाही, रबर वरून जातं आणि रोलर तिरका होतो. खरं तर मायक्रोमीटरनंच रोलर आपोआप बसतो, कारण बाहेरून आत दाबलं की वरून झुकलेला फ्लँक त्याला खाली तळाकडं ढकलतो, पाचरीसारखं. दोन्ही रोलर समोरासमोर पाहिजेत, एक पुढं एक मागं नाही.

आता मायक्रोमीटर धरायचा कसा, इथं एक बारीक गोष्ट आहे जी मला स्वतःला कळायला बरीच वर्षं गेली. मायक्रोमीटर स्लाइडच्या लांबीच्या दिशेनं पुढं मागं हलवला की आकडा वाढतो, तिथं सगळ्यात लहान आकडा शोधायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एक बाजू वर एक बाजू खाली असा कलला तर आकडा कमी होतो, वाढत नाही! कारण दोन सेंटरमधलं अंतर तिरकं पकडलं जातं. २ अंश कलला तर ह्या जॉबवर ०.०३८ कमी दाखवतो, म्हणजे आख्खी टॉलरन्स गेली. तर त्या दिशेनं सगळ्यात मोठा आकडा खरा. नवीन माणसाला हे दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून स्पिंडल तळाला समांतर आहे का ते जॉबच्या टोकाकडून वाकून डोळ्यानं बघायचं, मग फक्त पुढं मागं हलवायचं. रॅचेट तीन वेळा टकटक, बस.

पहिलं माप आलं ७०.४१२. टार्गेट ७०.२४५, म्हणजे ०.१६७ काढायचंय, दोन बाजू आहेत म्हणून एका बाजूला ०.०८३. पोरगा म्हणाला, "मामा एकदमच घेऊ की." मी म्हटलं नको, ०.०६ घे दोन्ही बाजूला. का, तर हिशोबानं ०.०६ नंतर ७०.२९२ यायला पाहिजे, ते येतंय का बघायचं. आलं ७०.२९८. सहा मायक्रॉन कमी कापलं गेलं, कटर थोडा ढकलला गेला असेल, ठीक आहे. ह्याच्याऐवजी ७०.३५ आलं असतं तर समजलं असतं की डायलमध्ये बॅकलॅश आहे नाहीतर एका बाजूला कटर लागलाच नाही, आणि अजून मटेरियल शिल्लक असताना समजलं असतं. मग राहिलेलं ०.०५३, बाजूला ०.०२६ घेतलं आणि माप ७०.२४७. शेजारच्या मशीनवरचा आमचा कन्नड ऑपरेटर येऊन बघून गेला, "सरी ऐति" म्हणाला, त्याच्या तोंडातनं एवढं निघालं म्हणजे भरपूर झालं.

हे माप मधे घेतलं होतं. मग दोन्ही टोकांना पण घेतलं, ७०.२४५ आणि ७०.२५०. पाच मायक्रॉनचा फरक चालतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सारखं वाढत गेलं तर समजायचं की जॉब दोन्ही बाजू कापताना सारखा बसला नव्हता किंवा मधे हलला. मधे मोठं आणि टोकांना लहान, किंवा उलटं, असलं तर क्लॅम्प फार आवळलाय, सोडल्यावर परत मोजा. आणि जॉब कापून गरम असताना मोजू नका. ७० मिलीच्या मापाला जॉब मायक्रोमीटरपेक्षा १५ अंश गरम असला तर १० मायक्रॉनच्या आसपास मोठा दिसतो. चहा पिऊन या.

एवढं झाल्यावर पोरानं काय केलं, तर तळावर एक बारीक रेघ दिसत होती ती काढायला टेबल ०.०५ वर घेऊन तळ परत साफ केला, मला न विचारता. फ्लँकला हातच लावला नाही म्हणाला, मग रुंदी कशी बदलेल. परत रोलर ठेवले तर ७०.१८९. बिचाऱ्याचा चेहरा पडला. बघा काय झालं, तळ खाली गेला की रोलर खाली गेला आणि झुकलेल्या फ्लँकच्या खाली अजून आत सरकला. तळ जेवढा खाली जाईल त्याच्या १.१५४७ पट M कमी होतं, ०.०५ ला ०.०५८. पण जॉब गेला का? नाही, कारण h पण १०.०३ ची १०.०८ झाली. नवीन h टाकून हिशोब केला तर ६० साठीचा M आता ७०.२२२ येतो, आणि ७०.१८९ म्हणजे त्यापेक्षा ०.०३३ कमी, टॉलरन्स उणे ०.०२ ते उणे ०.०५, बरोबर मधेच. वरची रुंदी होती तिथंच होती, हललेली नव्हतीच. जुना आकडा धरून बसलो असतो तर चांगला जॉब भंगारात टाकला असता. ते बघून पोरगा हसला तेव्हा कुठं सूत्र त्याच्या डोक्यात उतरलं, मी आठवडाभर फळ्यावर सांगत होतो तेव्हा नाही. (तळ कापायचा असेल तर फ्लँकच्या आधी फिनिश करा, हे त्याला नंतर वेगळ्या भाषेत सांगितलं.)

आता राहिला कोन. वरचा सगळा हिशोब कोन बरोब्बर ६० आहे ह्या भरवशावर आहे. कटर घासलेला असेल, हेड थोडं कललेलं असेल तर फ्लँक ६० चा राहत नाही आणि ८ च्या रोलरला कोनातल्या ५ मिनिटांच्या चुकीनं M २३ मायक्रॉननं हलतो, तुम्हाला वाटतं रुंदी चुकली. हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे दोन वेगळ्या व्यासाचे रोलर. ६ च्या जोडीनं एकदा मोजा, १० च्या जोडीनं एकदा. A दोन्हीकडं तीच, ती वजाबाकीत उडून जाते:

```
(M10 − M6) / (d10 − d6) = 1 + 1/tan(α/2)
```

कोन ६० असेल तर फरक ४ गुणिले २.७३२०५, म्हणजे १०.९२८ यायला पाहिजे. समजा १०.९६८ आला. भागिले ४, २.७४२ येतं. १ वजा केला, १.७४२. त्याचा उलटा करून टॅन इन्व्हर्स घेतला तर २९.८६ अंश, दुप्पट ५९.७२, म्हणजे १७ मिनिटं कमी. कोन कमी झाला की फरक वाढतो हे लक्षात ठेवा. ह्यात दोन मर्यादा आहेत. ६ चं माप ५० ते ७५ च्या मायक्रोमीटरमध्ये येतं आणि १० चं ७५ च्या वर जातं, दोन मायक्रोमीटर लागतात, दोघांचा झिरो नीट बघितलेला पाहिजे. आणि मोजण्यात १० मायक्रॉन इकडं तिकडं झाले तर कोनात ४ मिनिटांचा फरक दिसतो, त्यामुळं ३-४ मिनिटांवरून कटरला दोष देऊ नका. शिवाय दोन बाजूंचे कोन वेगवेगळे असतील तर ह्यातनं सरासरी येते. कुठली बाजू चुकली ते बघायचं तर सरफेस प्लेटवर एकएक बाजू वेगळी बघायला लागते.

आतल्या डोव्हटेलला, म्हणजे फिमेलला, सगळं उलटं. तिथं तळाची रुंदी मोठी असते, रोलर आतल्या कोपऱ्यात बसतात आणि दोन रोलरच्या मधलं अंतर मोजायचं. तळाची रुंदी W आणि मधलं अंतर N:

```
N = W − d × (1 + 1/tan(α/2))
```

W ६६ आणि रोलर तेच ८.००२ चे, तर N ४४.१३८. मधलं अंतर स्लिप गेजनं घेतलं तर सगळ्यात चांगलं, गेज सरकवताना हलकं लागलं पाहिजे, ढकलायला लागलं तर एक उतरवा. स्लिप नसतील तर इनसाइड मायक्रोमीटर, पण तो दोन गोल पृष्ठांच्या मधे घसरतो, हात बसायला वेळ लागतो. मेलमध्ये कचऱ्यानं माप मोठं दिसतं तसं इथं लहान दिसतं, परिणाम मात्र तोच, माणूस जास्त कापतो.

आणि फिमेलमध्ये दोन टोकांना वेगवेगळं माप आलं तर लगेच घाबरू नका, आधी ड्रॉईंगवर जीब, म्हणजे स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी, आहे का बघा. टेपर जीब असेल तर एक बाजू मुद्दाम तिरकी कापलेली असते आणि N एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बदलायलाच पाहिजे. किती बदलायला पाहिजे ते टेपरवरून काढा. समजा टेपर १ ला ५० आहे, तर दोन मापांच्या जागांमध्ये १०० मिली अंतर असेल तिथं २ मिलीचा फरक यायला पाहिजे. म्हणून मापाच्या जागा मार्करनं खूण करून घ्या, अंदाजानं "टोकाजवळ" म्हणून चालत नाही, ५ मिली इकडं तिकडं झालं तर ०.१ चा फरक तिथंच पडतो.

शेवटी रिपोर्टवर नुसता M लिहून देऊ नका. शेजारी रोलरचा मोजलेला व्यास आणि मोजलेली h पण लिहा. आमच्याकडं रजिस्टरमध्ये तीन कॉलम आहेत, पार्टीचा इन्स्पेक्टर त्याच्या १० च्या रोलरनं मोजतो आणि त्याचा आकडा आमच्यापेक्षा साडेपाच मिली मोठा येतो, पण h लिहिलेली असली की दोघांचाही हिशोब त्याच ५९.९६७ वर येऊन थांबतो.